नानांना ऐकू येईल अशी शेताची वही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे नाना रावेर तालुक्यात केळी करतात. काचबिंदूने त्यांची नजर गेली, पण शेताचा निर्णय अजून तेच घेतात. आम्ही भावंडं पुण्यात, नाशकात आणि गावात विखुरलेली. म्हणून सगळ्यांनी मिळून गूगल डॉक्समध्ये एक वही ठेवली: पाणी, खत, मजुरी, बागेचे फोटो, कागदपत्रं. नाना ती फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, लावून ऐकतात. सुरुवातीला त्यांना त्यातलं निम्मंही कळत नव्हतं, आणि दोष त्यांच्या ऐकण्यात नव्हता, आमच्या लिहिण्यात होता. वही सुधारल्यापासून नात्यातले आणि ओळखीचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

1. फोन वाचून दाखवतोच ना? मग आपण वेगळं काय करायचं?

फोन अक्षरं वाचतो, मांडणी वाचत नाही. आपण पानावर नजर टाकतो तेव्हा मोठं अक्षर, मधली मोकळी जागा, बाजूचा फोटो हे सगळं एका क्षणात कळतं. ऐकणाऱ्यापर्यंत एकामागोमाग एक शब्द येतात. सुताला धरून विहिरीत उतरावं तसं ते असतं, पुढे काय आहे हे तिथे पोचल्यावरच कळतं.

म्हणून तीन गोष्टी पाहायच्या. शब्द कोणत्या क्रमाने कानावर येतात, मधल्या मजकुरावरून उडी मारून हव्या त्या ठिकाणी जाता येतं का, आणि फोटोच्या जागी काही ऐकू येतं का. क्रमाबद्दल प्रश्न 2 ते 5 पाहा, शीर्षकांबद्दल 6 आणि 7, फोटोंबद्दल 8 ते 11.

2. वाचनाचा क्रम बिघडलाय हे डोळस माणसाला कसं कळणार? मला तर पान नीटच दिसतं.

आमच्या बापूंनी एकदा दोघा भावांचा खर्च शेजारी शेजारी लिहिला. मधलं अंतर स्पेसबार दाबून दाबून केलं होतं:

```
नानांचा खर्च        बापूंचा खर्च
मजुरी 2400          डिझेल 1800
फवारणी 950          मजुरी 1200
```

दिसायला दोन स्वच्छ रकाने. नानांनी ऐकलं ते असं: "नानांचा खर्च बापूंचा खर्च मजुरी 2400 डिझेल 1800 फवारणी 950 मजुरी 1200." ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "हाई मजुरी कोनी?" रिकाम्या जागांना आवाज नसतो. ओळ डावीकडून उजवीकडे सलग वाचली जाते, त्यामुळे दोन्ही खर्च एकमेकांत मिसळले.

ओळखायची सोपी युक्ती आहे. संगणकावर डॉक्स उघडा, `File` मध्ये `Download` आणि मग `Plain text (.txt)` निवडा. जी फाइल उतरेल ती वरून खाली मोठ्याने वाचा. सगळी सजावट गळून पडलेली असते, फोटो गायब असतात, नुसते शब्द उरतात. त्यात अर्थ लागला तर कानालाही बहुधा लागेल. नाही लागला, तर बिघाड कुठे आहे तेही तिथेच दिसतं.

बापूंचा खर्च आता असा लिहिलेला असतो: आधी "नानांचा खर्च" हे शीर्षक आणि त्याखाली त्याच्या ओळी, मग "बापूंचा खर्च" आणि त्याच्या ओळी. पान थोडं लांबलं, पण तो प्रश्न पुन्हा आला नाही.

3. मग तक्ता घालायचाच नाही का?

तक्ता चालतो, पण साधा. तक्ता खणाखणाने वाचला जातो: पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, मग दुसरी. ऐकणाऱ्याला आठव्या ओळीत नुसतं "40" ऐकू आलं की ते पाण्याची मिनिटं होती की मजुरांची संख्या हे स्वतःच आठवावं लागतं. तीन रकान्यांपर्यंत हे झेपतं, पुढे दमछाक होते.

सगळ्यात घोळ होतो तो जोडलेल्या खणांनी. "जून" असा एकच उंच खण करून शेजारी दहा ओळी लावल्या, तर "जून" एकदाच ऐकू येतो आणि पुढच्या नऊ ओळींना महिना राहत नाही. खण जोडू नका, प्रत्येक ओळीत तारीख पुन्हा लिहा.

आम्ही शेवटी पाणी-खताचा तक्ता मोडलाच. आता प्रत्येक नोंद एका वाक्याची असते: "12 जून, वरची बाग, ठिबक दीड तास, खत नाही." हे वाक्य एकटं ऐकलं तरी पूर्ण आहे. माझं मत विचाराल तर घरच्या वहीत तक्त्यापेक्षा असं वाक्य केव्हाही बरं. बेरीज-वजाबाकी लागत असेल तर ती शीटमध्ये वेगळी ठेवा आणि वहीत फक्त निकाल लिहा.

4. फोटोच्या बाजूने मजकूर फिरवला तर काय बिघडतं?

फोटो पानावर तरंगता ठेवला की तो नेमक्या कोणत्या वाक्यानंतर येतो हे दिसण्यावरून ठरत नाही. तो ज्या परिच्छेदाला अडकवलेला असतो तिथे त्याचा उल्लेख येतो, आणि तो परिच्छेद दोन इंच वरचाही असू शकतो. वर्डमध्ये तर असा फोटो काही वेळा वाचलाच जात नाही. त्यामुळे डॉक्समध्ये फोटोवर क्लिक करून `In line` आणि वर्डमध्ये `In Line with Text` निवडा. मग फोटो अक्षरासारखा ओळीत बसतो आणि जिथे दिसतो तिथेच ऐकू येतो.

वर्डमधल्या मजकुराच्या चौकटींचंही तेच. डॉक्समध्ये `Drawing` वापरून केलेल्या चौकटीतली अक्षरं तर चित्राचाच भाग होतात, ती वाचली जात नाहीत. "महत्त्वाची सूचना" म्हणून चौकट केली असेल तर नेमकी तीच सूचना नानांपर्यंत पोचणार नाही.

5. नवी नोंद वर लिहावी की खाली?

वर. डोळस माणूस झटक्यात तळाला जातो, ऐकणारा वरून सुरू करतो. नानांना रोज सकाळी कालचंच हवं असतं, मागच्या आखाजीचं नाही. कालची नोंद पहिल्या शीर्षकाखाली मिळाली की त्यांचं काम मिनिटात होतं. जुन्या नोंदी हंगाम संपल्यावर वेगळ्या फाइलमध्ये हलवतो.

6. मी शीर्षक ठळक आणि मोठं केलंय. तरी ते शीर्षक म्हणून का ऐकू येत नाही?

कारण तुम्ही अक्षर मोठं केलंत, त्याला शीर्षक केलं नाहीत. टॉकबॅकसारख्या वाचक-प्रणालीला ठळकपणाशी घेणं नाही, ती त्या ओळीला कोणती शैली दिली आहे ते पाहते. संगणकावर ओळीत कर्सर ठेवून `Ctrl + Alt + 1` दाबलं की ती `Heading 1` होते, `Ctrl + Alt + 2` ने `Heading 2`. हे डॉक्स आणि वर्ड दोन्हीत चालतं. फोनवरच्या डॉक्समध्ये वरच्या A या चिन्हावरून शैलीची यादी उघडते, तिथून निवडता येतं.

फायदा असा की शीर्षकांची आपोआप यादी तयार होते. डॉक्समध्ये ती बाजूच्या रूपरेषेत दिसते. नाना ती यादी उघडतात, बोट सरकवत हवं ते नाव ऐकतात आणि दोनदा टेकून तिथे पोचतात. संगणकावर ऐकणाऱ्यांसाठी प्रश्न 12 पाहा.

तपासायला एकच नजर पुरे. रूपरेषा उघडा. ती रिकामी असेल तर तुमच्या वहीत एकही शीर्षक नाही, मग पानावर कितीही मोठी अक्षरं असोत.

7. किती शीर्षकं द्यावीत आणि त्यांत काय लिहावं?

आमच्या वहीत आधी पाच शीर्षकं नुसती "नोंदी" अशी होती. पानावर ते चालून गेलं, कारण आजूबाजूचा मजकूर दिसत होता. यादीत मात्र नानांना ऐकू आलं: नोंदी, नोंदी, नोंदी, नोंदी, नोंदी. शीर्षक एकटं ऐकलं तरी कळलं पाहिजे.

शिवाय वेगळेपण आधी आलं पाहिजे. आमच्याकडे कांदेबाग आणि मृगबाग ही वेगवेगळ्या हंगामांत लावलेल्या केळीच्या बागांची नावं. "शेताच्या वहीतील कांदेबागेचे पाणी" या ओळीत कामाचा शब्द तिसरा येतो, आणि यादीतली प्रत्येक ओळ "शेताच्या वहीतील" अशीच सुरू झाली तर माणूस वैतागतो. आता आमची शीर्षकं अशी आहेत: "कांदेबाग", त्याखाली दुसऱ्या पातळीवर "कांदेबाग: पाणी", "कांदेबाग: खत", "कांदेबाग: फोटो". मग "मृगबाग" आणि तिचे तेच तीन भाग. पहिला शब्द ऐकला की नको ती बाग सोडून पुढे जाता येतं.

पातळी वगळू नका. `Heading 1` नंतर एकदम `Heading 3` आलं तर मधलं काही आपल्याकडून ऐकायचं राहिलं की काय, असं वाटतं. अक्षर लहान दिसावं म्हणून तिसरी पातळी निवडणारे बरेच असतात. अक्षर लहान हवं असेल तर शैलीचा आकार बदला, पातळी नको.

8. फोटोचं वर्णन कुठे लिहायचं?

डॉक्समध्ये संगणकावर फोटो निवडून `Ctrl + Alt + Y` दाबा, किंवा उजवं क्लिक करून `Alt text` निवडा. वर्डमध्येही उजव्या क्लिकवर हा पर्याय मिळतो. तिथे लिहिलेलं पानावर दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

"फोटो" किंवा "चित्रात दिसते की" अशी सुरुवात करू नका. प्रणाली आधीच सांगते की हे चित्र आहे. आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्या, नाहीतर वर्णन पुढच्या मजकुराला चिकटून ऐकू येतं.

9. पण वर्णनात नेमकं काय लिहायचं? दिसतं ते सगळं?

नाही. समोरचा माणूस तो फोटो का पाहणार आहे, ते लिहायचं. हे आम्ही एका पानावरून शिकलो, म्हणून ते सविस्तर सांगते.

माझ्या चुलतभावाने मृगबागेतल्या केळीच्या एका पानाचा फोटो टाकला आणि वर्णन लिहिलं, "केळीचं पान." दहा मिनिटांत नानांचा फोन आला. "कितवं पान? डाग कडेला का शिरेजवळ? गोल का लांबट?" ज्या माणसाने उभा जन्म केळीत काढला त्याला आम्ही केळीचं पान म्हणजे काय ते सांगत होतो, आणि त्याला हवं ते गाळत होतो.

दुसऱ्या वेळी भावाने लिहिलं, "करप्याने खराब झालेलं पान." नाना आणखी चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. करपा आहे की नाही हे त्यांना ठरवायचं होतं. आम्ही दिसलेलं सांगायच्या जागी आमचा अंदाज सांगितला. अंदाज चुकला असता तर तो पकडायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

तिसरं वर्णन टिकलं: "वरून सहावं पान. कडेकडच्या भागात शिरांना समांतर लांबट तपकिरी डाग, प्रत्येक डागाभोवती पिवळी कडा. टोक सुकलेलं. मधल्या शिरेजवळ पान हिरवं." यात निदान नाही, पण निदानाला लागणारं सगळं आहे. "बापूंना करपा वाटतो" हे वाक्य आम्ही फोटोखाली वहीत लिहिलं, कोणाचं मत आहे त्या नावासकट.

नव्या फोटोआधी आम्ही आता नानांनाच विचारतो की यातून तुम्हाला काय कळायला हवं. घडाच्या फोटोत त्यांना फण्यांची संख्या हवी असते. पाइपलाइनच्या फोटोत गळती कोणत्या व्हॉल्व्हपाशी आहे ते हवं असतं. लग्नातल्या फोटोत कोण कोणाशेजारी बसलंय ते, डावीकडून क्रमाने. तुमच्या घरच्या माणसाचे प्रश्न वेगळे असतील.

रंग सांगावेत का, असंही विचारतात. नानांनी साठ वर्षं रंग पाहिलेत, त्यांना ते उपयोगी पडतात. जन्मापासून दिसत नसलेल्या माणसालाही रंगाचा अर्थ माहीत असतो, पान पिवळं पडणं म्हणजे काय हे त्यालाही कळतं. त्यामुळे कामाचा असेल तो रंग सांगा.

10. सातबाऱ्याचा किंवा पावतीचा फोटो असेल तर? त्यात किती मजकूर असतो!

तो वर्णनात कोंबू नका. वर्णन एका दमात ऐकावं लागतं, त्यात ओळीओळीने मागे-पुढे जाणं अवघड असतं. गट नंबर नीट ऐकू आला नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

वर्णनात फक्त ओळख द्या: "वरच्या शेताचा सातबारा, मजकूर खाली टाइप केला आहे." मग फोटोखाली गट क्रमांक, क्षेत्र, खातेदारांची नावं, पिकाची नोंद, प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर लिहा. व्यापाऱ्याच्या पट्टीचंही तसंच: तारीख, वजन, भाव, कपात, हाती आलेली रक्कम. टाइप केल्यावर दुसऱ्या कोणीतरी मूळ कागदाशी ताडून पाहावं. ऐकणारा आकड्यातली चूक स्वतः पकडू शकत नाही, म्हणून ही जबाबदारी आपली.

व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट मात्र टाकूच नका. संदेश लांब दाबून कॉपी करा आणि मजकूर म्हणून चिकटवा.

11. वहीच्या वर गणपतीचं चित्र आणि मधे नक्षीच्या ओळी आहेत. त्यांचं काय?

वर्डमध्ये अशा चित्रावर `Mark as decorative` ही खूण करता येते, मग ते वगळलं जातं. डॉक्समध्ये "गणपती" एवढा एक शब्द पुरे. तारे किंवा आडव्या रेघा टाइप करून केलेली नक्षी काढून टाका, ती "तारा तारा तारा" अशी वाचली जाऊ शकते. भागांमध्ये अंतर हवं असेल तर शीर्षक द्या.

12. आमची आत्या फोन नाही, संगणक वापरते. वेगळं काही करायचं का?

वही तीच, बटणं वेगळी. विंडोजवर एनव्हीडीए ही मोफत प्रणाली बरेच लोक वापरतात. वर्डमध्ये `NVDA + Space` दाबून वाचनाची पद्धत बदलली की `H` ने पुढचं शीर्षक, `G` ने पुढचं चित्र आणि `T` ने पुढचा तक्ता येतो. `Insert` हे एनव्हीडीएचं बटण असेल तर `Insert + F7` ने एक यादी उघडते, तिच्यात शीर्षकं निवडता येतात.

ब्राउझरमधल्या गूगल डॉक्समध्ये आधी `Ctrl + Alt + Z` ने वाचक-प्रणालीचा आधार चालू करावा लागतो. तिथे पुढच्या शीर्षकासाठी `Ctrl` आणि `Alt` दाबून धरायचं, मग `N` आणि मग `H`. आत्या नव्याने शिकत असतील तर वर्डची फाइल देणं सोपं पडेल.

13. आमच्या आजोबांना थोडं दिसतं, ते अक्षर मोठं करून वाचतात. त्यांना याचा उपयोग आहे का?

आहे. मोठं केल्यावर पडद्यावर पानाचा एक लहान तुकडाच मावतो. उजवीकडे ठेवलेला फोटो किंवा दुसरा रकाना तिथे आहे हेच त्यांना कळत नाही. सगळं एकाखाली एक असलं की सुटत नाही. त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट: "लाल अक्षरातलं देणं बाकी" असं नुसत्या रंगावर सोडू नका, "बाकी" हा शब्द लिहा. नानांनाही रंग ऐकू येत नाही, तेव्हा दोघांचं काम एकदम होतं.

14. गावातल्या टायपिंगवाल्याने दिलेली फाइल उघडली की फोन भलतंच बडबडतो. असं का?

ती फाइल बहुधा युनिकोडमध्ये नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. "मराठी" हा शब्द कृतिदेवमध्ये आतून असा असतो:

```
ejkBh
```

फोन तेच वाचतो. इथे शीर्षकं आणि क्रम सुधारून काही उपयोग नाही, आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवा. ओळखायला दोन शब्द कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. तिथे इंग्रजी अक्षरं उमटली तर फाइल जुन्या फॉन्टची आहे. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं बऱ्याचदा चुकतात, म्हणून नंतर एकदा वाचून काढा. शक्य असेल तर टायपिंगवाल्यालाच सांगा की युनिकोडमध्येच टाइप करून द्या.

15. वर्डमध्ये सगळं नीट केलं, पीडीएफ केली आणि शीर्षकं गेली. का?

तुम्ही प्रिंटच्या मार्गाने पीडीएफ केली असणार. `Microsoft Print to PDF` कागदावर छापल्यासारखं पान तयार करतं, शीर्षकं आणि फोटोंची वर्णनं मागे राहतात. `Save As` मधून पीडीएफ निवडा आणि `Options` मध्ये `Document structure tags for accessibility` वर खूण आहे का ते पाहा. घरच्या घरी द्यायचं असेल तर पीडीएफ करूच नका, मूळ फाइल द्या.

16. आम्ही वहीत अहिराणी लिहितो. ते वाचलं जाईल का?

जाईल, कारण लिपी देवनागरीच आहे. डॉक्सची भाषा `File` मधल्या `Language` मधून मराठी ठेवा आणि फोनवरचा आवाजही मराठीचा निवडा. "मन्हा वावरमा पानी वनं" हे अक्षरं आहेत तसं उच्चारलं जातं. हेल आपल्याकडचा नसतो, पण शब्द कळतात. त्याच ओळीत इंग्रजी अक्षरात DAP लिहिलं तर मात्र आवाज अडखळतो किंवा मधेच बदलतो. आम्ही "डीएपी" लिहितो.

17. मी सगळं सुधारतो, पण घरातले बाकीचे लिहितात आणि पुन्हा बिघडतं.

बहुतेक बिघाड चिकटवण्यातून येतो. दुसरीकडून आणलेला मजकूर आपली शैली घेऊन येतो. `Ctrl + Shift + V` ने चिकटवलं की नुसते शब्द येतात. वहीच्या सुरुवातीला आम्ही एक नमुना नोंद ठेवली आहे, तिची नक्कल करून तारीख आणि मजकूर बदलायचा, म्हणजे शीर्षकाची शैली आपोआप टिकते. आणि दर रविवारी माझी बहीण स्वतःच्या फोनवर टॉकबॅक लावते, पडदा उलटा ठेवते आणि आठवड्याची वही ऐकते. टॉकबॅक चालू असताना एकदा टेकून काही उघडत नाही, दोनदा टेकावं लागतं, आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. बंद कसं करायचं ते चालू करण्याआधीच पाहून ठेवा. जिथे तिला थांबून विचार करावा लागतो, ती ओळ ती बदलते.